पोच, स्वीकृती, पूर्तता

सरकारी कंपनीला दिलेल्या मालाचे बिल म्हणजे कागदांचा एक संच असतो. टॅक्स इनव्हॉइस हा त्यातला एक कागद. त्याच्या मागे खरेदी आदेश, डिलिव्हरी चलान, ई-वे बिल, लॉरी पावती, तपासणी अहवाल, स्टोअरची पोच आणि काम बसवून द्यायचे असेल तर पूर्णत्वाचे प्रमाणपत्र लागते. लेखा विभागातला कर्मचारी माल पाहायला जात नाही. त्याच्या टेबलावर जे कागद येतात, तेवढ्यावरूनच माल आला, तपासला, घेतला आणि बसवला, याची त्याला खात्री करायची असते. त्याने चुकीचे बिल पास केले, तर लेखापरीक्षणात उत्तर त्यालाच द्यावे लागते. म्हणून पुरवठादाराने बिल तयार करायचे ते या माणसाच्या नजरेने. त्याच्या प्रत्येक प्रश्नाला एक कागद, आणि त्या कागदावर जबाबदार माणसाची सही, नाव, हुद्दा, शिक्का आणि तारीख.

या प्रश्नांपैकी तीन मुख्य. माल आवारात आला का? तो आदेशाप्रमाणे आहे म्हणून घेतला का? बसवण्याचे काम पुरे झाले का? पहिल्याचे उत्तर पोच देते, दुसऱ्याचे स्वीकृती आणि तिसऱ्याचे पूर्णत्वाचे प्रमाणपत्र. ही तीन उत्तरे वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या दिवशी देतात. लहान कारखानदारांची बिले अडकतात ती बहुतेक वेळा या तीन गोष्टी एकच समजल्यामुळे. गेटवरचा शिक्का मिळाला की माल स्वीकारला गेला, असे धरून चालतात. तीन महिन्यांनी विचारपूस करताना कळते की स्वीकृतीची नोंद झालेलीच नाही.

एक व्यवहार

नमुन्यादाखल एक मध्यम आकाराचा व्यवहार घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या औद्योगिक वसाहतीतला एक लहान कारखाना, नागपूरजवळच्या एका सार्वजनिक उपक्रमाच्या भांडारासाठी चोवीस पोलादी रॅक पुरवणार आहे. दर रॅकला १२,५०० रुपये, म्हणजे मालाचे ३,००,००० रुपये. जागेवर बसवण्याची मजुरी रॅकमागे १,००० रुपये, म्हणजे २४,००० रुपये. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. कराशिवाय आदेशाची रक्कम ३,२४,००० आणि करासह ३,८२,३२० रुपये होते.

आदेश १ जुलैचा आहे आणि माल ४५ दिवसांत, म्हणजे १५ ऑगस्टपर्यंत पोचवायचा आहे. पैसे दोन टप्प्यांत मिळणार आहेत. माल स्वीकारल्यावर मालाच्या किमतीचे ९० टक्के आणि त्यावरचा पूर्ण जीएसटी. उरलेले १० टक्के आणि बसवण्याची मजुरी पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रानंतर. उशीर झाल्यास उशिराच्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला किंवा त्याच्या भागाला अर्धा टक्का कपात, जास्तीत जास्त १० टक्के. सरकारी आदेशांत अशा स्वरूपाच्या अटी नेहमी आढळतात.

बिलाची तयारी हा आदेश हातात पडतो त्या दिवशी सुरू होते. आदेशातून पाच गोष्टी एका कागदावर उतरवून घ्यायच्या: बिल कोणाच्या नावे करायचे, माल कोणत्या पत्त्यावर उतरवायचा, तपासणी कोण करणार, पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रावर सही कोणाची चालेल आणि बिलासोबत कोणते कागद किती प्रतींत मागितले आहेत. सहीचा अधिकार विशेष तपासावा. आदेशात ‘अभियंता-प्रभारी’ असे लिहिले असेल, तर त्याच्या हाताखालच्या पर्यवेक्षकाची सही कितीही खरी असली तरी लेखा विभाग ती मान्य करणार नाही. आदेशातच काही चूक दिसली, उदाहरणार्थ मालाच्या वर्णनात किंवा जीएसटी क्रमांकात, तर माल निघण्याआधी लेखी दुरुस्ती मागून घ्यावी. माल उतरल्यावर अशी दुरुस्ती मिळवायला कित्येक आठवडे जातात.

इनव्हॉइस: माल निघतानाच

जीएसटी कायद्याप्रमाणे माल हलवायचा असेल, तर टॅक्स इनव्हॉइस माल निघण्यापूर्वी किंवा निघताना काढावे लागते. मालाच्या इनव्हॉइसच्या तीन प्रती असतात: मूळ प्रत खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला आणि तिसरी पुरवठादाराकडे. ज्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर गेली आहे, त्याला ई-इनव्हॉइस करून त्याचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यावा लागतो.

इनव्हॉइसवरचे वर्णन आदेशातल्या वर्णनाशी शब्दाला शब्द जुळले पाहिजे. आदेशात ‘रॅक, पोलादी, पाच कप्पे’ असेल आणि इनव्हॉइसवर कारखान्याच्या सवयीने ‘हेवी ड्यूटी स्टोरेज स्टँड’ असे पडले, तर दोन्ही एकच वस्तू आहेत हे लेखा विभागाने कशावरून ठरवायचे? एककही तेच हवे. आदेश ‘नग’ म्हणत असेल तर इनव्हॉइसवर ‘सेट’ लिहू नये. आदेशाचा क्रमांक, तारीख आणि आदेशातला बाबक्रमांक इनव्हॉइसवर लिहावा. खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक ज्या राज्यात माल घेतला जातो त्या राज्याचा असावा. मोठ्या उपक्रमांची प्रत्येक राज्यात वेगळी नोंदणी असते आणि चुकीचा क्रमांक पडला, तर त्यांना कराची वजावट मिळत नाही.

इनव्हॉइसची तारीख पडली की कराची जबाबदारीही पडते, ही गोष्ट नव्या पुरवठादाराच्या लक्षात उशिरा येते. आपल्या व्यवहारात ४ ऑगस्टला ३,००,००० रुपयांच्या मालाचे इनव्हॉइस निघाले, त्यावर ५४,००० रुपये जीएसटी. दरमहा विवरण भरणाऱ्याला हे इनव्हॉइस ११ सप्टेंबरपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये दाखवावे लागते आणि कर त्याच महिन्याच्या विवरणासोबत भरावा लागतो, मग खरेदीदाराकडून पैसे आलेले असोत वा नसोत. शिवाय इनव्हॉइस जीएसटीआर-१ मध्ये दाखवले नाही, तर ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उमटत नाही. अनेक उपक्रम ते तिथे दिसेपर्यंत कराची रक्कम रोखून धरतात. म्हणजे वेळेवर भरलेले विवरण हासुद्धा बिलाच्या संचातला, डोळ्यांना न दिसणारा एक कागद असतो.

मालासोबत ई-वे बिल लागते. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीसाठी ते १ लाख रुपयांच्या वरच्या मालाला आणि राज्याबाहेर पाठवताना ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला लागते. त्याची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने ठरते. वाटेत ट्रक बदलला, तर ई-वे बिलाच्या भाग-ब मध्ये नव्या गाडीचा क्रमांक भरावा लागतो. हे केले नाही, तर रस्त्यावर दंडाची भीती आहेच. त्याशिवाय गेटच्या नोंदवहीत एक गाडी आणि ई-वे बिलावर दुसरी गाडी दिसते, आणि बिल तपासणाऱ्याला शंका घ्यायला पहिली जागा तिथे सापडते.

गेटवरची पोच

ट्रक ६ ऑगस्टला दुपारी उपक्रमाच्या गेटवर पोचतो. सुरक्षा कर्मचारी गाडीचा क्रमांक, वेळ आणि चलानचा क्रमांक नोंदवहीत लिहितो आणि चलानवर आवक क्रमांकाचा शिक्का मारतो. हा पहिला शिक्का. गाडी आत आली, एवढेच तो सांगतो.

गाडी भांडारासमोर लागते, हमाल रॅकचे गठ्ठे उतरवतात, आणि भांडारपाल मोजून चलानच्या दोन प्रतींवर पोच देतो. पुरवठादाराच्या सगळ्या बिलाचा पाया या चार बोटांच्या जागेत घातला जातो. कारखान्याचा माणूस सोबत नसेल, तर चालक मिळेल ती सही घेऊन निघतो: एक वळणदार रेघ, अर्धा कागदाबाहेर गेलेला शिक्का, तारीख नाही. दोन महिन्यांनी ती सही कोणाची हे भांडारातही कोणाला सांगता येत नाही, कारण तोवर त्या माणसाची बदली झालेली असते.

पुरी पोच अशी असते. प्रत्यक्ष मिळालेली संख्या आकड्यात आणि अक्षरात. मिळाल्याची तारीख, आणि शक्य असेल तर वेळ. सही, सहीखाली सुवाच्य नाव आणि हुद्दा. भांडाराचा गोल किंवा चौकोनी शिक्का, ज्यातले विभागाचे नाव पूर्ण वाचता येते. आणि आवक नोंदवहीचा क्रमांक. शिक्का सहीवर थोडासा चढलेला असावा, पण सही झाकेल इतका नाही. यासाठी चलानच्या तळाशी या पाच गोष्टींचे रिकामे रकाने आधीच छापून ठेवावेत. समोर रकाना दिसला की भांडारपाल तो भरतो. कोरी जागा दिसली की तो फक्त सही करतो.

भांडारपाल बहुधा पोचेवर ‘तपासणीच्या अधीन राहून’ असे लिहितो किंवा तशा मजकुराचा शिक्का मारतो. त्यात वावगे काही नाही. माल आला आहे, पण तो चांगला आहे असे अजून कोणी म्हटलेले नाही, हा त्याचा अर्थ. मात्र पोचेची तारीख कोणत्याही परिस्थितीत त्याच दिवसाची पडली पाहिजे. ‘साहेब तपासतील तेव्हा तारीख टाकू’ असे सांगितले गेले, तर पुरवठादाराने नम्रपणे, पण ठामपणे त्या दिवसाची तारीख मागावी. उशिराची कपात या तारखेवरून ठरते आणि पुढे पैशाचा तगादा लावताना कायद्याचे घड्याळही इथूनच चालू होते.

तपासणी आणि दोन नाकारलेले रॅक

तपासणी ८ ऑगस्टला होते. खरेदीदाराचा अभियंता पत्र्याची जाडी, कप्प्यांची मापे आणि रंगाचा थर आदेशातल्या तपशिलाशी ताडून पाहतो. चोवीसपैकी बावीस रॅक कसोटीला उतरतात. दोन रॅकचे खांब वाटेत दबले आहेत, ते नाकारले जातात. अभियंता तसा अहवाल लिहितो आणि भांडार त्यावरून बावीस नगांची माल-प्राप्ती नोंद, म्हणजे जीआरएन, संगणकात करते. स्वीकृती ती ही. बहुतेक उपक्रमांत संगणक तीन गोष्टींची सांगड घालतो: आदेश, जीआरएन आणि इनव्हॉइस. तिन्हींत संख्या आणि दर जुळले तरच रक्कम पुढे सरकते.

इथे संख्या जुळत नाही. इनव्हॉइस चोवीसचे आहे, जीआरएन बावीसची. अशा वेळी सर्वांत वाईट उपाय म्हणजे इनव्हॉइसवर खाडाखोड करून चोवीसचे बावीस करणे. ते इनव्हॉइस विवरणात चोवीसचेच गेलेले असते आणि खाडाखोड केलेला कागद लेखा विभाग तसाही परत पाठवतो. रीतसर मार्ग क्रेडिट नोटचा. दोन रॅकची किंमत २५,००० आणि त्यावरचा कर ४,५००, मिळून २९,५०० रुपयांची क्रेडिट नोट मूळ इनव्हॉइसचा क्रमांक घालून काढायची. नाकारलेला माल परत आणताना खरेदीदाराच्या आवारातून बाहेर नेण्याचा परवाना, म्हणजे गेटपास, आणि परतीचे चलान घ्यायचे. बदली रॅक पाठवताना नवे इनव्हॉइस काढायचे. आता पहिले इनव्हॉइस वजा क्रेडिट नोट बरोबर बावीस नगांवर येते आणि जीआरएनशी जुळते.

बदली रॅक २६ ऑगस्टला पोचतात. मुदत १५ ऑगस्टची होती, म्हणजे अकरा दिवस उशीर. भाग आठवडा पूर्ण धरला जातो म्हणून दोन आठवडे, एक टक्का, २५,००० रुपयांवर २५० रुपये. ही कपात फक्त दोन रॅकवर बसते, कारण बाकीच्या बावीसांची पोच ६ ऑगस्टची आहे आणि ती लेखी आहे. पोचेवर तारीख नसती, तर त्या बावीस रॅकची तारीखही तपासणीची किंवा जीआरएनची धरली गेली असती. या व्यवहारात त्याने फरक पडला नसता, पण मुदतीच्या आदल्या दिवशी पोचलेल्या मालाला तो हमखास पडतो.

नकार लेखी घ्यावा, ही गोष्टही पुरवठादाराच्याच हिताची आहे. तोंडी सांगितलेली तक्रार दूर केल्यावर ती दूर झाली याचा पुरावा उरत नाही. लेखी अहवालाला मात्र उत्तर देता येते, आणि दुसऱ्या तपासणीनंतर त्याच अहवालावर ‘दोन नग बदलून मिळाले, तपासले, स्वीकारले’ असा शेरा घेता येतो.

पूर्णत्वाचे प्रमाणपत्र

रॅक बसवायचे तिथली फरशी तयार नसते, हा नेहमीचा अनुभव. कारखान्याचे फिटर १ सप्टेंबरला येतात आणि जागा मोकळी नाही म्हणून परततात. परतण्यापूर्वी त्यांनी जागेवरच्या अभियंत्याकडून एका ओळीचा शेरा घ्यायचा असतो: अमुक तारखेला पुरवठादाराची माणसे आली होती, जागा उपलब्ध नसल्याने काम सुरू होऊ शकले नाही. सही मिळाली नाही, तर त्याच संध्याकाळी त्या अर्थाचा ई-मेल अभियंत्याला आणि खरेदी विभागाला पाठवावा. काम लांबले ते कोणामुळे, हे पुढे मुदतवाढ मागताना याच कागदावरून ठरते. मुदतवाढ मिळाली तरी ती कपातीसह की कपातीशिवाय, हे मंजुरीच्या पत्रात स्पष्ट लिहून घ्यावे.

काम ८ ते १० सप्टेंबरला होते. प्रमाणपत्र १२ सप्टेंबरला मिळते. त्याचा मसुदा पुरवठादाराने स्वतः तयार करून न्यावा, म्हणजे अधिकाऱ्याला सही करणे सोपे जाते आणि काही राहूनही जात नाही. मसुदा साधारण असा असतो:

‘प्रमाणित करण्यात येते की, खरेदी आदेश क्र. … दि. … अन्वये पुरवठादाराने २४ नग पोलादी रॅक भांडार क्र. … येथे दि. ८ ते १० सप्टेंबर या काळात बसवून दिले. काम आदेशातील तपशिलाप्रमाणे व समाधानकारक रीत्या दि. १० सप्टेंबर रोजी पूर्ण झाले. कोणतेही काम शिल्लक नाही. हमीकालावधी दि. … पासून सुरू होईल.’

प्रत्येक वाक्याला काम आहे. काम संपल्याची तारीख आणि प्रमाणपत्राची तारीख वेगळ्या असतात. कपात मोजताना पहिली धरली जावी म्हणून ती वेगळी लिहायची. ‘समाधानकारक’ हा शब्द नसेल, तर काम झाले एवढेच सिद्ध होते, ते स्वीकारले हे सिद्ध होत नाही. ‘कोणतेही काम शिल्लक नाही’ हे वाक्य नसेल, तर लेखा विभाग उरलेले १० टक्के रोखू शकतो. हमीची सुरुवात लिहिली नाही, तर हमी आणि तिच्यासाठी दिलेली बँक गॅरंटी कधी संपते यावर पुढे वाद होतो. किरकोळ काम खरोखरच उरले असेल, तर ते लपवू नये. त्याची यादी प्रमाणपत्राला जोडून, तेवढ्याची रक्कम मागे ठेवून बाकीचे सोडावे अशी विनंती करावी.

फाइल आणि हिशेब

आता दोन बिले होतात. पहिले बिल बावीस रॅक स्वीकारल्यावर लगेच लावायचे. मालाची किंमत २,७५,०००. तिचे ९० टक्के म्हणजे २,४७,५००, आणि पूर्ण जीएसटी ४९,५००. मिळून २,९७,००० रुपये. यातून जीएसटीची उगमकपात होते. कराराची करविरहित रक्कम २,५०,००० रुपयांच्या वर असेल, तर सरकारी खाती, स्थानिक संस्था आणि सार्वजनिक उपक्रम १ ऑक्टोबर २०१८ पासून करविरहित रकमेवर २ टक्के कापतात. इथे २,४७,५०० वर ४,९५० रुपये. बँकेत २,९२,०५० रुपये जमा होतात. कापलेली रक्कम बुडत नाही. खरेदीदाराने जीएसटीआर-७ विवरण भरले की ती पुरवठादाराच्या जीएसटी खात्यावर दिसते. तिथे ती स्वीकारली की रोख खातेवहीत जमा होते आणि पुढचा कर भरायला वापरता येते.

दुसरे बिल पूर्णत्वाच्या प्रमाणपत्रानंतरचे. त्यात तीन बाबी असतात: बावीस रॅकचे राहिलेले १० टक्के, २७,५०० रुपये, बदली दोन रॅक, २५,००० अधिक ४,५०० कर, आणि बसवण्याची मजुरी, २४,००० अधिक ४,३२० कर. मिळून ८५,३२० रुपये. करविरहित ७६,५०० वर २ टक्के म्हणजे १,५३० आणि उशिराचे २५० वजा जाता ८३,५४० रुपये मिळतात.

या बिलात एक चूक बरेच जण करतात. राहिलेल्या २७,५०० रुपयांसाठी नवे टॅक्स इनव्हॉइस काढतात आणि त्यावर पुन्हा कर लावतात. त्या रकमेवरचा कर ४ ऑगस्टच्या इनव्हॉइसमध्ये आधीच आला आहे आणि भरलाही गेला आहे. इथे हवे ते साधे मागणीपत्र, ज्यात मूळ इनव्हॉइसचा क्रमांक, आधी मिळालेली रक्कम आणि आता मागितलेली रक्कम लिहिलेली असते. नवी टॅक्स इनव्हॉइस फक्त दोन बदली रॅकसाठी आणि मजुरीसाठी.

फाइल लावताना क्रम ठेवावा. वर अनुक्रमणिका असलेले पत्र, मग आदेशाची प्रत, इनव्हॉइस, क्रेडिट नोट असल्यास ती, पोच असलेले मूळ चलान, ई-वे बिल, लॉरी पावती, तपासणी अहवाल, जीआरएनची प्रत, पूर्णत्वाचे प्रमाणपत्र, हमीपत्र, बँकेचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश. काही कार्यालये आगाऊ पावती मागतात. ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून सही करायची असते. प्रत्येक पानावर क्रमांक टाकावा आणि सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. शेवटी, बिल दिल्याची आवक पोच घ्यावी. बिल नेऊन दिले आणि आवक क्रमांक घेतला नाही, तर ते कधी दिले हे सिद्ध होत नाही.

कार्यालय बदलले की

केंद्र किंवा राज्य शासनाच्या कार्यालयात हीच साखळी थोड्या वेगळ्या नावांनी येते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ प्रमाणे आलेला माल मोजून, तोलून, पाहून घ्यायचा आणि साठा नोंदवहीत चढवायचा असतो. राज्य शासनाच्या कार्यालयांत बिलाच्या पाठीवर ‘साहित्य सुस्थितीत प्राप्त झाले असून साठा नोंदवही पान क्र. … वर नोंद घेतली आहे’ असा शेरा लागतो. आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या सहीने ते देयक कोषागारात जाते. पान क्रमांकाची जागा मोकळी राहिली, तर ते तिथून परत येते. म्हणून बिल देताना भांडाराच्या लिपिकाकडून तो क्रमांक भरून घेणे हे पुरवठादाराचेच काम समजावे.

जेम पोर्टलवरच्या खरेदीत शिक्क्यांची जागा संगणकावरच्या नोंदींनी घेतली आहे. माल मिळाल्यावर ४८ तासांत तात्पुरते प्राप्ती प्रमाणपत्र, तपासणी करून माल मिळाल्यापासून दहा दिवसांत प्राप्ती व स्वीकृती प्रमाणपत्र, आणि त्यानंतर पैसे. क्रम तोच आहे: आधी आला, मग घेतला. इथेही चलानवरची हाताची पोच घेऊन ठेवावी, कारण घेणाऱ्याने पोर्टलवर प्राप्तीची तारीख उशिराची टाकली, तर ती खोडून काढायला हाच कागद लागतो.

तारीख बोलते तेव्हा

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या विकास कायद्याने या तारखांना मोठे वजन दिले आहे. माल प्रत्यक्ष पोचला तो स्वीकृतीचा दिवस. खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाली तो स्वीकृतीचा दिवस. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असे कायदा मानतो. लेखी करारात मुदत असली, तरी या दिवसापासून ती ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागते.

कार्यालयाने जीआरएन तीन महिन्यांनी केली तरी कायद्यातला स्वीकृतीचा दिवस त्यामुळे पुढे सरकत नाही. पण पुरवठादाराकडे तारखेची पोच असेल तरच हे सांगता येते. सुविधा परिषदेकडे अर्ज करताना आदेश, इनव्हॉइस आणि माल पोचल्याचा पुरावा हेच कागद लागतात. २०१७ पासून हा अर्ज ऑनलाइन करता येतो. परिषदेने रक्कम ठरवली आणि खरेदीदाराला तिला न्यायालयात आव्हान द्यायचे असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. हे संरक्षण मिळायचे तर उद्यम नोंदणी व्यवहारापूर्वीची असलेली बरी. मागाहून केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या पुरवठ्याला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले होते.

अर्ज करण्याची वेळ क्वचितच यावी. सांगलीच्या रॅकच्या व्यवहारात ३,८२,३२० रुपयांतले ६,४८० जीएसटी खात्यात गेले, २५० उशिरापोटी कापले गेले आणि ३,७५,५९० बँकेत आले. त्यातला प्रत्येक रुपया एखाद्या तारखेच्या सहीशिक्क्याला बांधलेला होता. त्यातली पहिली तारीख नागपूरच्या भांडारासमोर, माल उतरत असताना, चलानच्या तळाशी पडली. ट्रक तिथून निघाला की ती मिळत नाही. म्हणून चालकाच्या हाती चलान देताना कारखानदाराने एवढेच सांगावे: सही, नाव, हुद्दा, शिक्का, तारीख, या पाचही गोष्टी कागदावर दिसल्याशिवाय गाडी हलवू नये.